फोटोतल्या भजनाचं मराठी करताना: अक्षरं मोजायची की जागा?

या भागात जे बोललो ते इथे लिहून देतोय. एक तर अक्षरं मोजायचं काम ऐकून होत नाही, ते डोळ्यांसमोर लागतं. आणि छोटासा कोड आहे, तो इथून कॉपी करता येईल.

आमच्या मारेगावकडे, म्हणजे वणी-पांढरकवडा या सगळ्या पट्ट्यात, भजनी मंडळांच्या वह्यांमध्ये मराठी आणि हिंदी भजनं शेजारी शेजारी असतात. तुकडोजी महाराजांनी दोन्ही भाषांत लिहिलं, त्यामुळे खंजिरीवर हिंदी भजन म्हणणं विदर्भात कुणाला वेगळं वाटत नाही. पण कधी कधी मंडळातलं कुणीतरी म्हणतं, "हे मराठीत करून दे ना, चाल तीच ठेव." आणि व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो येतो.

चाल आधी आणि शब्द नंतर, हा प्रकार आपल्याकडे जुनाच आहे. १९१६ च्या 'संगीत स्वयंवर' नाटकात भास्करबुवा बखल्यांनी हिंदुस्थानी बंदिशींवरून चाली दिल्या आणि त्यात बसतील अशी पदं खाडिलकरांनी लिहिली. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे पहिले शब्द छापलेले असतात, ते याचसाठी. आपलं काम फक्त एका पायरीने जास्त आहे. आपल्याला चालीसोबत अर्थही सांभाळायचाय.

आधी फोटो

गूगल लेन्ससारख्या ॲपने फोटोतली अक्षरं उचलता येतात. छापील पुस्तिका असेल तर बरंच बरोबर येतं, हाताने लिहिलेली वही असेल तर सरळ टाईप केलेलं बरं. पण छापीलमध्येही काही चुका अशा होतात की त्या थेट आपल्या मोजणीवर येतात.

सगळ्यात नेहमीची म्हणजे 'ख' चा 'रव' होणं. जुन्या छपाईत 'ख' चे दोन भाग सुटे दिसतात, मग ॲप त्याला 'र' आणि 'व' समजतं. एक अक्षर वाढलं. दुसरी चूक जोडाक्षराची. हलन्त पुसट असला की 'भक्ती' ची 'भकती' होते. पुन्हा एक वाढलं. तिसरी म्हणजे शिवणीजवळ पान वाकलेलं असतं, तिथला ओळीचा शेवटचा शब्द गायब होतो किंवा खालच्या ओळीला जाऊन चिकटतो. अनुस्वार हरवला तर अर्थ बदलू शकतो, पण मोजणी बदलत नाही.

म्हणून मजकूर उचलल्यावर पहिलं काम भाषांतराचं नाही. प्रत्येक ओळीची अक्षरं मोजा आणि ज्या ओळीचा आकडा तिच्या जोडीच्या ओळींपेक्षा वेगळा येतो ती परत फोटोशी ताडून बघा. मोजायला एवढं पुरतं:

```python
import re, unicodedata

def akshare(ol):
    ol = unicodedata.normalize('NFC', ol)
    ol = re.sub('[क-ह]\u093c?\u094d', '', ol)
    return len(re.findall('[अ-औॲक-ह]', ol))
```

साधा `len()` इथे चालत नाही, कारण तो काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगवेगळं मोजतो. वरचा कोड आधी हलन्त असलेलं व्यंजन काढून टाकतो, म्हणजे 'ल्य' मधला अर्धा ल गेला, आणि मग उरलेली व्यंजनं आणि सुटे स्वर मोजतो. 'अमूल्य' ची अक्षरं तीन येतात, जशी यायला हवीत.

पण गाताना अक्षरं वेगळी पडतात

आता खरी अडचण. कुठल्या भजनाची ओळ इथे घेत नाही, उदाहरणासाठी मीच एक तयार केलीय:

माटी मत खो मेरे भाई

अक्षरं किती? नऊ. पण म्हणून बघा. 'मत' मधल्या 'त' ला स्वर नाही, आपण 'मत्' असंच म्हणतो. म्हणजे तोंडातून आठच आघात निघतात: मा, टी, मत्, खो, मे, रे, भा, ई. केहरव्याचं आवर्तन आठ मात्रांचं असतं. या ओळीत दोन आवर्तनं आहेत, सोळा मात्रा, आणि आठही जागा दोन-दोन मात्रांच्या. शिवाय 'खो' वर पहिलं आवर्तन संपतं आणि तिथे गाणारा किंचित थांबतो.

मराठी ओळीने भरायच्या त्या या आठ जागा. कागदावर दिसणारी नऊ अक्षरं हा फक्त पहिला अंदाज.

हिंदीत काय आणि मराठीत काय, शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण बहुतेक वेळा गिळतो. घर, मत, राख, जप. गाताना मात्र काही चालींत तो पूर्ण म्हटला जातो, विशेषतः अभंगांत. हे कोडला कळणार नाही. ते गाणाऱ्याकडूनच ऐकावं लागतं. म्हणून मी मूळ गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करून मागतो आणि ऐकताना जिथे 'अ' गिळलाय तिथे हलन्त देतो. 'मत' चं 'मत्' केलं की तोच कोड नऊच्या ऐवजी आठ सांगतो. एका हलन्ताने लिहिलेल्या अक्षरांचा आकडा गायच्या अक्षरांचा होतो.

आता मराठी

शब्दाला शब्द ठेवला तर होतं, 'माझ्या भावा, माती गमावू नकोस'. गाताना अकरा अक्षरं. तीन जागा जास्त. हे तर सरळ सोडून द्या.

दुसरा प्रयत्न: माती नको गमावू भाऊ. कागदावर नऊ अक्षरं, मूळ ओळीइतकीच. मात्राही मोजल्या तर सोळा. आकडे बघून वाटेल की जमलं. पण म्हणून बघा. पहिल्या आठ मात्रा 'गमावू' च्या 'ग' वर संपतात. थांबायची जागा तिथेच आहे. मग ऐकू येतं, "माती नको ग... मावू भाऊ". 'ग' हे संबोधन वाटतं आणि 'मावू' म्हणजे काय कुणालाच कळत नाही. बेरीज बरोबर, पण शब्द मधोमध तुटला.

तिसरा: माती सोडू नको रे भावा. आता थांबा 'सोडू' च्या नंतर येतो, शब्द तुटत नाही. नऊ आघात आहेत, एक जास्त आहे, तो कुणी घाईत म्हणून टाकेल. पण ही ओळ सगळ्यात धोक्याची आहे. भजनात टाळकरी ओळीचा पहिला तुकडा पुन्हा पुन्हा उचलतात. तो काय होतो? "माती सोडू, माती सोडू". मूळ गाणं जे करू नको म्हणतंय तेच सगळं मंडळ टाळ वाजवून करायला सांगतंय!

हे वारंवार होतं, आणि त्याचं कारण भाषेत आहे. हिंदीतला नकार, 'मत' किंवा 'न', क्रियापदाच्या आधी येतो आणि एका जागेत मावतो. मराठीतला 'नको' किंवा 'नाही' दोन जागा घेतो आणि बहुतेक वेळा क्रियापदाच्या मागून येतो. त्यामुळे तो थांब्याच्या पलीकडे जाऊन पडतो. आणि जागा कमी पडली की गाणारा जे गिळतो तेही बऱ्याचदा हेच अक्षर असतं.

मग नकार काढून टाकला तर? 'गमावू नको' म्हणजे 'सांभाळ'. माती राख रे, माझ्या भावा. 'राख' मध्ये 'मत' सारखाच शेवटचा अ गिळलेला, थांबा 'रे' वर, आघात आठ. हिशेबाने चोख. पण भजनात 'माती राख' ऐकल्यावर लोकांच्या मनात स्मशानातली राख येणार. कान आधी शब्द ऐकतो, व्याकरण नंतर.

म्हणून शेवटी: माती जप रे, माझ्या भावा.

मा, ती, जप्, रे, मा, झ्या, भा, वा. आठ जागा, सोळा मात्रा, 'जप' बरोबर 'मत' च्या जागी, थांबा 'रे' वर. पहिला तुकडा एकटा म्हटला तरी 'माती जप रे', अर्थ शाबूत. 'जप' ला भजनात नामाचाही वास आहे, तो फुकट मिळाला.

जोडीची ओळ आणि यमक

दुसरी ओळ अशी धरू:

ये ही तेरी असल कमाई

इथे गाताना नऊ अक्षरं. दुसऱ्या आवर्तनात 'असल कमाई' ची चालण ऱ्हस्व, दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ, दीर्घ अशी आहे: अ, सल्, क, मा, ई. 'भावा' शी यमक हवं तर पहिल्यांदा सुचतं, हाच तुझा रे खरा विसावा. जागा बसतात, यमक गोड आहे. पण मूळ ओळ कमाईबद्दल बोलतेय आणि आपण विश्रांतीवर गेलो. शेतकऱ्याला जमीन ही कमाई आहे म्हणणं आणि विसावा आहे म्हणणं, यात फार फरक आहे.

हाच तुझा रे अमूल्य ठेवा. यमक थोडं सैल झालं, पण ठेवा म्हणजे साठवलेली कमाई, अर्थ जवळ राहिला. आणि 'अमूल्य' निवडण्याचं कारण पक्कं आहे. जोडाक्षराने संपणाऱ्या शब्दाचा शेवटचा 'अ' मराठीत गिळता येत नाही. अ, मू, ल्य, तिन्ही वाजतात, म्हणून 'असल क' च्या तीन जागा बरोबर भरतात. 'अमोल' घेतला असता तर 'ल' अर्धा राहून एक जागा रिकामी पडली असती.

देण्याआधी तीन तपासण्या

हलन्त देऊन मूळ आणि मराठी ओळ कोडमधून काढा, आकडा सारखा यायला हवा. मग थांब्यापर्यंतचा तुकडा एकटाच चार वेळा म्हणा आणि तो स्वतंत्रपणे काय सांगतोय ते ऐका. आणि शेवटी, ज्याने मूळ गाणं ऐकलेलं नाही अशा माणसाला चालीत म्हणून दाखवा आणि काय ऐकू आलं ते त्याला सांगू द्या. तुम्ही समजावू नका.

वहीत उतरवताना जुन्या नाटकवाल्यांसारखं वर 'चाल' लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द टाका, आणि गिळायच्या अक्षरांचे हलन्त तसेच राहू द्या. पुढच्या वर्षी नवीन पेटीवाला आला तरी त्याला ओळ कुठे कशी पडते ते पानावरूनच कळेल.