चाळीस मुलं, सहा फेऱ्या

शाळेची बुद्धिबळ स्पर्धा, चाळीस नावं आणि हातात एकच शनिवार. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं ठरवलं, तर साखळीचे 780 डाव होतात. बाद पद्धत घेतली, तर पहिल्याच फेरीनंतर वीस मुलं दप्तर आवरून घरी निघतात. खेळ शिकायची गरज बहुतेक त्यांनाच जास्त असते. या दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे स्विस लीग. 1895 मध्ये झुरिकच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत ती वापरली गेली, म्हणून हे नाव. हरलं तरी कोणी बाहेर जात नाही. मात्र प्रत्येक फेरीत आपल्याइतकेच गुण असलेल्या खेळाडूशी गाठ पडते.

यात पंचाचं खरं काम जोड्या लावण्याचं. आज संगणक ते क्षणात करतो. पण एकदा तरी हाताने करून पाहावं, म्हणजे पालकांना उत्तर देता येतं. प्रत्येक मुलाचं एक कार्ड करा. त्यावर क्रमांक, प्रत्येक फेरीतला प्रतिस्पर्धी, मोहऱ्यांचा रंग आणि एकूण गुण. सुरुवातीचे क्रमांक मानांकनाने किंवा गेल्या वर्षीच्या निकालावरून लावा. काहीच हाती नसेल, तर चिठ्ठ्या टाका. पहिल्या फेरीत यादी मधोमध कापायची. पहिला विरुद्ध एकविसावा, दुसरा विरुद्ध बाविसावा, असं शेवटपर्यंत.

फेरी संपली की कार्डांचे गठ्ठे करायचे. बरोबरी झाली नाही असं धरू (छोट्या मुलांत ती तशीही कमीच). एक गुणवाले वीस, शून्यवाले वीस. नवखे पंच इथे हमखास चुकतात. गठ्ठ्यातल्या पहिल्याला दुसऱ्याशी भिडवतात आणि दोन तगडी मुलं दुसऱ्याच फेरीत समोरासमोर येतात. गठ्ठासुद्धा मधोमधच कापायचा. पहिले वीस जण जिंकले असतील, तर पहिला अकराव्याशी, दुसरा बाराव्याशी. मग दहा जण दोन गुणांवर जातात आणि तिसऱ्या फेरीनंतर तीन गुणांवर पाचच उरतात.

पाचांच्या दोनच जोड्या लागतात. उरलेला एक जण खाली उतरून दोन गुणवाल्याशी खेळतो. सगळे अपराजित जिंकत गेले, तरी चौथ्या फेरीनंतर चार गुणांवर फार तर तिघं आणि पाचव्यानंतर पाच गुणांवर फार तर दोघं राहतात. हे दोघं आधी एकमेकांशी खेळलेले असणं शक्यच नाही, कारण त्यातला एक हरला असता. सहाव्या फेरीत ते भिडतात. म्हणून बत्तीसपर्यंत मुलांना पाच आणि चौसष्टपर्यंत सहा फेऱ्या पुरतात. प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली, तर एक डाव अर्ध्या तासात संपतो. जोड्या लावायचा वेळ धरूनही सहा फेऱ्या दुपारपर्यंत उरकतात.

दोन नियमांना तडजोड नाही. एकच जोडी पुन्हा लागता कामा नये आणि एखाद्याला लागोपाठ तिसऱ्यांदा तोच रंग देऊ नये. यादीच्या तळाशी नेमका पेच येतो. शेवटची दोन कार्डं उरतात आणि ती मुलं आधीच खेळलेली असतात. तेव्हा वरची जोडी मोडून फेरमांडणी करायची. संख्या विषम असेल, तर सर्वांत कमी गुणांच्या गटातल्या एकाला बाय मिळतो, म्हणजे न खेळता एक गुण. पण एकाला दोनदा बाय द्यायचा नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही मुलं येऊन ‘मीच जिंकलो’ म्हणतात. त्यासाठी दोघांच्या सह्यांची निकालचिठ्ठी घ्यावी आणि शेवटची चिठ्ठी येईपर्यंत पुढच्या जोड्या लावू नयेत. चुकीच्या निकालावर लावलेली फेरी सुरू झाली, की ती निस्तरताना नाकी नऊ येतात.

पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. ती विजेता नीट शोधते. मधल्या क्रमांकांवर मात्र फार भरवसा ठेवू नये. समजा, दोन मुलींना सहापैकी पाच गुण आहेत. एक फक्त विजेतीकडून हरली. तिच्या प्रतिस्पर्ध्यांचे अंतिम गुण 1, 3, 3, 4, 4 आणि 6, बेरीज 21. दुसरी पहिलाच डाव हरली, तळाच्या गटात गेली आणि तिथून सोप्या वाटेने वर आली. तिच्या प्रतिस्पर्ध्यांचे 3, 1, 2, 3, 3 आणि 4, म्हणजे 16. या बेरजेला बुकोल्झ म्हणतात. तिच्यानुसार पहिली मुलगी वर येते, आणि माझ्या मते तेच न्याय्य आहे. पण प्रतिस्पर्धी कोण मिळावेत, हे मुलीच्या हातात नसतं. त्यांच्यातला एखादा तिसऱ्या फेरीनंतर घरी निघून गेला, तरी बेरीज घसरते. म्हणून बरोबरी कशी सोडवणार ते पहिल्या फेरीआधीच फळ्यावर लिहून ठेवावं. आणि चषक एकच असला, तरी पाच गुणवाल्या सगळ्यांना सारखीच पदकं द्यायला काय हरकत आहे?