बाळाचा मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहू नका

घरातल्या आजोबांना मोतीबिंदू झाला की ‘दिवाळीनंतर करू’, ‘जरा पिकू द्या’ अशी बोलणी होतात. वर्षभर उशीर झाला तरी शस्त्रक्रियेनंतर त्यांना बहुधा पुन्हा नीट दिसू लागतं, कारण त्यांचा मेंदू पाहायला फार पूर्वीच शिकलेला असतो. तान्ह्या बाळाच्या मोतीबिंदूला हा हिशेब लावला, तर बाळाचं कायमचं नुकसान होतं.

जन्मलेलं बाळ पाहायला शिकत असतं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर स्पष्ट चित्र पडत राहिलं, तरच मेंदूतल्या दृष्टीच्या जोडण्या पक्क्या होतात. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. उघडल्यावर डोळा धड होता, पण मेंदूतल्या पेशी त्याच्या संदेशांना जवळजवळ दादच देईनात. मोठ्या मांजरांत असं घडलं नाही. या संशोधनासाठी त्यांना 1981 मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. दाट मोतीबिंदू बाळाच्या डोळ्याचं हेच करतो.

म्हणून दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असेल, तर शस्त्रक्रिया साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात करतात. एकाच डोळ्यात असेल तर चार ते सहा आठवड्यांत, कारण चांगला डोळा मेंदूतली सगळी जागा बळकावतो. त्याहूनही आधी घाई केली, तर पुढे काचबिंदू होण्याचा धोका वाढतो. ठिपका लहान असेल आणि दृष्टी अडत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवूनही भागतं.

एक उदाहरण घेऊ. दीड महिन्याच्या लसीसाठी आलेल्या बाळाची आई सांगते, ‘बाहुलीत पांढरं दिसतं, आणि हा माझ्याकडे बघत नाही.’ डॉक्टर खोलीत अंधार करून डोळ्यांत प्रकाश टाकतात. एरवी बाहुली लालसर चमकते, इथे दोन्हीकडे ती चमक नाही. पांढरी बाहुली डोळ्याच्या कॅन्सरचंही लक्षण असू शकते, म्हणून नेत्रतज्ज्ञ सोनोग्राफीने डोळ्याचा मागचा भाग तपासतात. मोतीबिंदूच असल्याची खात्री झाल्यावर सातव्या आठवड्यात एका डोळ्याची आणि त्यानंतर आठवड्याभरात दुसऱ्याची शस्त्रक्रिया होते. बाळाचं भिंग मऊ असल्याने ते बारीक छेदातून ओढून काढता येतं. भिंगाच्या मागचं पातळ आवरणही मध्यभागी उघडावं लागतं, नाहीतर ते लवकरच गढूळ होऊन पुन्हा वाट अडवतं.

इतक्या लहान वयात कृत्रिम भिंग सहसा बसवत नाहीत. जन्मतः सुमारे 17 मिलिमीटर लांबीचा डोळा मोठेपणी 23-24 मिलिमीटरचा होतो, आणि ही वाढ पहिल्या दोन वर्षांत सर्वांत वेगाने होते. आज बरोबर असलेलं भिंग उद्या चुकीचं ठरतं. अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या 114 बाळांवर अभ्यास झाला. साडेचार वर्षांच्या वयात, भिंग बसवलेल्यांची दृष्टी कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांपेक्षा सरस नव्हती; उलट त्यांना पुन्हा शस्त्रक्रिया जास्त लागल्या.

म्हणजे आपल्या बाळाच्या डोळ्यांत आता भिंगच नाही. प्रकाश आत जातो, पण चित्र धूसरच पडतं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर एक-दोन आठवड्यांतच त्याला चष्मा लागतो, आणि त्याचा नंबर बऱ्याचदा अधिक 20 च्याही वर असतो. तो मुद्दाम दोन-तीन नंबरांनी वाढवून देतात, कारण बाळाचं जग हातभर अंतरावर असतं: आईचा चेहरा, खुळखुळा, स्वतःची बोटं. डोळा वाढेल तसा नंबर कमी होतो, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी हवी. दोन-तीन वर्षांच्या सुमारास दूरचं आणि जवळचं दोन्ही दिसेल असा चष्मा देतात.

खरी अडचण घरी येते. बाळ चष्मा ओढून काढतं, पाहुणे ‘एवढ्याशा जीवाला कशाला’ म्हणतात, आणि चष्मा कपाटात जातो. चष्म्याविना गेलेला प्रत्येक जागा तास मेंदूला धूसर चित्रच दाखवतो. डोक्यामागून जाणारा इलॅस्टिकचा पट्टा लावून बाळ जागं असेपर्यंत चष्मा ठेवावा लागतो. एकाच डोळ्याचा आजार असेल, तर डॉक्टर सांगतील तितके तास चांगल्या डोळ्यावर पट्टीही लावावी लागते.

बाळ चेहऱ्यावर नजर खिळवू लागलं, खेळण्यामागे डोळे फिरवू लागलं, तर दिशा बरोबर आहे. डोळ्यातून सतत पाणी येणं, उजेड सहन न होणं, काळा भाग मोठा किंवा धुरकट दिसणं ही काचबिंदूची लक्षणं असू शकतात. नंबर अपेक्षेपेक्षा झपाट्याने उतरला, तरी डॉक्टर आधी डोळ्याचा दाब मोजतात. हा धोका वर्षानुवर्षं राहतो, म्हणून तपासणी आयुष्यभर चालू ठेवायची.

उशीर झालेल्या मुलांसाठीही दार पूर्ण बंद होत नाही. पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात भारतातल्या कित्येक मुलांवर जन्मानंतर अनेक वर्षांनी शस्त्रक्रिया झाली. ती मुलं आकार आणि चेहरे ओळखायला शिकली, पण बारीक तपशील दिसण्याची क्षमता त्यांच्यात अपुरीच राहिली.

म्हणून प्रसूतीनंतर घरी जाण्याआधीच बाळाच्या दोन्ही बाहुल्यांची लाल चमक तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातल्या तपासणीत जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. बाहुली पांढरी दिसली किंवा दोन महिन्यांचं बाळ चेहऱ्याकडे पाहत नसेल, तर पुढच्या लसीची तारीख येण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा.