मेसेज पोचतो, पण काम होत नाही तेव्हा

इव्हेंटवर चालणाऱ्या मायक्रोसर्व्हिसेसची आकृती काढताना डावीकडे मेसेज पाठवणारा प्रोड्यूसर, मधे रांग म्हणजे क्यू आणि उजवीकडे मेसेज उचलून काम करणारा कन्झ्युमर, असे तीन चौकोन काढून दोन बाणांनी जोडले जातात. बऱ्याच आकृत्या एवढ्यावरच थांबतात. पण यंत्रणा अडचणीत कशी वागेल हे कळते ते आणखी दोन बाणांवरून. एक बाण कन्झ्युमरकडून रांगेकडे परत येतो, तो फेरप्रयत्नाचा म्हणजे रिट्रायचा. दुसरा रांगेतून बाजूला निघून डेड लेटर क्यूकडे जातो. किती वेळा, किती अंतराने आणि शेवटी कुठे, हे या दोन बाणांवर लिहिलेले नसेल, तर ती आकृती अर्धीच समजावी.

पुस्तके विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाचे उदाहरण घेऊ. या दुकानाचे सॉफ्टवेअर एकसंध नाही. ऑर्डर घेणारा प्रोग्रॅम वेगळा, गोदामातला साठा सांभाळणारा वेगळा आणि बिल काढणारा वेगळा. असे स्वतंत्रपणे चालणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजेच मायक्रोसर्व्हिसेस. ग्राहकाने ऑर्डर दिली की ऑर्डर सर्व्हिस इतरांना हाका मारत बसत नाही. ‘ऑर्डर आली’ एवढी घटना ती जाहीर करते आणि ग्राहकाला लगेच पोच देऊन मोकळी होते. ती घटना ज्यांना हवी त्यांच्या रांगांमध्ये तिची एकेक प्रत जाऊन पडते.

```
order-service --> orders-topic --+--> stock-queue --> stock-service
                                 |        |
                                 |        +--> stock-dlq
                                 |
                                 +--> bill-queue ---> bill-service
                                          |
                                          +--> bill-dlq
```

इथे दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात. ऑर्डर सर्व्हिसला साठा किंवा बिल यांचा पत्ताही माहीत नाही. उद्या एसएमएस पाठवणारी तिसरी सर्व्हिस जोडली तरी तिच्यात एक ओळही बदलावी लागत नाही. आणि प्रत्येक कन्झ्युमरची रांग स्वतंत्र आहे, तशीच डेड लेटर क्यूही. बिलाचा प्रोग्रॅम तासभर बंद पडला तरी साठ्याचे काम अडत नाही. बिलाचे मेसेज रांगेत साचत जातात आणि प्रोग्रॅम सुरू झाला की पुढे सरकू लागतात.

अशा रांगा चालवणारी साधने बरीच आहेत. आयबीएमचे एमक्यूसीरीज १९९३ चे, ॲमेझॉनची एसक्यूएस ही सेवा २००६ पासून सर्वांसाठी खुली झाली, रॅबिटएमक्यू २००७ चे. तपशील साधनागणिक बदलतात, म्हणून पुढचे सगळे आकडे एसक्यूएसच्या साध्या म्हणजे ‘स्टँडर्ड’ रांगेचे आहेत.

कन्झ्युमरने रांगेतून मेसेज उचलला म्हणजे तो तिथून गेला, असा सर्वसाधारण समज असतो. तसे होत नाही. मेसेज फक्त ठरावीक वेळ इतरांना दिसेनासा होतो. या वेळेला व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात. वेगळे काही सांगितले नाही तर ती ३० सेकंद असते आणि १२ तासांपर्यंत वाढवता येते. काम पुरे झाल्यावर कन्झ्युमरने ‘आता हा मेसेज काढून टाका’ असे रांगेला स्वतःहून कळवावे लागते. तसे कळवण्याआधी तो कोलमडला, तर वेळ संपताच मेसेज पुन्हा दिसू लागतो आणि पुन्हा उचलला जातो. आकृतीतला परतीचा बाण म्हणजे एवढेच. मेसेज कुणी परत पाठवत नाही. तो मुळात रांगेतच असतो.

हा बाण मेसेज हरवू देत नाही, पण त्याची किंमत आहे. स्टँडर्ड रांग मेसेज ‘किमान एकदा’ पोचवण्याची हमी देते, ‘नेमका एकदा’ पोचवण्याची नाही. समजा, साठा सर्व्हिसने ४८२१ क्रमांकाच्या ऑर्डरसाठी दोन प्रती वजा केल्या आणि मेसेज काढून टाकायला सांगण्याआधीच तिचा सर्व्हर बंद पडला. तीस सेकंदांनी तोच मेसेज दुसऱ्या सर्व्हरच्या हाती लागतो आणि आणखी दोन प्रती वजा होतात. गोदामात पुस्तके आहेत, पण वेबसाइटवर ‘उपलब्ध नाही’ असे दिसते. कुठेही एररची नोंद नसते. चूक सापडते ती थेट साठा मोजायला बसल्यावर. सर्व्हर न पडताही हे घडू शकते. काम सावकाश चालून ३० सेकंदांच्या पलीकडे गेले, तर पहिला कन्झ्युमर काम करत असतानाच दुसरा तेच काम हाती घेतो.

यावरचा उपाय रांगेत नसतो, तो कन्झ्युमरमध्ये करावा लागतो. प्रत्येक घटनेला प्रोड्यूसरने वेगळा क्रमांक द्यायचा, आणि कन्झ्युमरने त्या क्रमांकाची नोंद व साठ्यातला बदल एकाच डेटाबेस व्यवहारात करायचा.

```sql
BEGIN;
INSERT INTO processed_events (event_id) VALUES ('ev-4821');
UPDATE stock SET qty = qty - 2 WHERE book_id = 77;
COMMIT;
```

`event_id` ही प्रायमरी की असल्यामुळे तोच मेसेज दुसऱ्यांदा आला की पहिलीच नोंद नाकारली जाते आणि सगळा व्यवहार मागे फिरतो. नाकारण्याचे कारण हेच आहे हे ओळखून कन्झ्युमर मेसेज काढून टाकायला सांगतो. नोंद आणि वजाबाकी वेगवेगळ्या व्यवहारांत केली तर मधल्या क्षणी सर्व्हर पडण्याचा धोका उरतोच; म्हणून या चार ओळी एकत्र असण्याला महत्त्व आहे. परतीचा बाण काढायचा असेल, तर कन्झ्युमरच्या चौकोनात ही तयारी असलीच पाहिजे.

आता दुसरा बाण. दुकानाने छापील पुस्तकांबरोबर ई-बुकही विकायला सुरुवात केली. ई-बुकला गोदामातला कप्पा नसतो, म्हणून मेसेजमध्ये `"shelf": null` असे आले. साठा सर्व्हिसचा जुना कोड कप्पा असणारच असे धरून लिहिलेला. तो तिथे कोलमडला. हा मेसेज शंभर वेळा उचलला तरी शंभर वेळा तसाच पडणार. अशा मेसेजला पॉयझन मेसेज म्हणतात. त्याला फेऱ्या मारू दिल्या तर तो कन्झ्युमरचा वेळ खातो आणि मागच्या चांगल्या ऑर्डरींना उशीर होतो. म्हणून रांगेला मर्यादा घालून दिली जाते. एसक्यूएसमध्ये तिला रीड्राइव्ह पॉलिसी म्हणतात:

```json
{
  "deadLetterTargetArn": "arn:aws:sqs:ap-south-1:111122223333:stock-dlq",
  "maxReceiveCount": 5
}
```

(`ap-south-1` म्हणजे ॲमेझॉनचे मुंबईतले केंद्र.) मेसेज कितव्यांदा उचलला जातो आहे याची मोजणी रांगच ठेवते. ई-बुकचा मेसेज ११ वाजता पहिल्यांदा उचलला गेला असेल, तर ३० सेकंदांच्या हिशेबाने त्याचा पाचवा प्रयत्न ११ वाजून २ मिनिटांनी होतो. त्यानंतर तो पुन्हा उचलायची वेळ आली की रांग तो कन्झ्युमरला न देता `stock-dlq` मध्ये हलवते. बाकीच्या ऑर्डरी चालू राहतात.

पण पाच हा आकडा कुठून आला, हे विचारायलाच हवे. समजा कोड ठीक आहे, मात्र डेटाबेस दहा मिनिटे बंद आहे. मग त्या वेळात उचललेल्या प्रत्येक मेसेजचे पाचही प्रयत्न अडीच मिनिटांत संपतात आणि शेकडो निर्दोष ऑर्डरी डेड लेटर क्यूमध्ये जाऊन पडतात. दोष मेसेजचा असेल तर लवकर बाजूला काढणे योग्य. दोष परिस्थितीचा असेल तर थांबणे योग्य. रांगेला हा फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक अपयशानंतर थांबण्याची वेळ दुप्पट करतात: अर्धे मिनिट, एक, दोन, चार, आठ. एसक्यूएसमध्ये कन्झ्युमरलाच त्या मेसेजचा टाइमआउट वाढवून हे साधावे लागते. या हिशेबात पाचवा प्रयत्न साडेसात मिनिटांनी येतो, म्हणजे दहा मिनिटांच्या बिघाडाला तोही अपुरा. मर्यादा सहा केली की शेवटचा प्रयत्न साडेपंधरा मिनिटांनी होतो आणि तोवर डेटाबेस परत आलेला असतो. मर्यादेचा आकडा असा, किती लांबीचा बिघाड सोसायचा आहे यावरून काढावा.

दुप्पट थांबण्यातही एक खोच आहे. एकाच क्षणी अपयशी ठरलेले सगळे मेसेज एकाच क्षणी परत येतात, आणि नुकताच उठलेला डेटाबेस त्या गर्दीने पुन्हा बसतो. यासाठी थांबण्याच्या वेळेत यादृच्छिक फरक मिसळतात; त्याला जिटर म्हणतात. ॲमेझॉनचे अभियंते मार्क ब्रूकर यांनी २०१५ मध्ये सिम्युलेशन करून दाखवले की नुसती वेळ वाढवत नेल्याने गर्दीचे झुबके तसेच राहतात, जिटर मिसळल्यावर मात्र ती पांगते आणि एकूण प्रयत्नही बरेच कमी लागतात.

काफ्काच्या मूळ रचनेत चित्र वेगळे असते. तिथे मेसेज उचलल्यावर निघून जात नाही. कन्झ्युमर वहीत वाचल्यासारखा क्रमाने पुढे सरकतो. त्यामुळे एका वाईट मेसेजवर तो अडला, तर त्या पार्टिशनमधले मागचे सगळेच अडते. फेरप्रयत्नाचे आणि डेड लेटरचे वेगळे टॉपिक कन्झ्युमरच्या बाजूनेच सांभाळावे लागतात.

डेड लेटर क्यू नीट सांभाळली नाही तर तिच्यातला माल गुपचूप नाहीसा होतो. एसक्यूएसमध्ये मेसेज मुळात ४ दिवस टिकतो. ही मुदत जास्तीत जास्त १४ दिवस करता येते. स्टँडर्ड रांगेत मेसेज बाजूला हलवला तरी मुदत मोजली जाते ती तो पहिल्यांदा रांगेत पडला त्या वेळेपासून. साठा सर्व्हिस तीन दिवस बंद होती, चौथ्या दिवशी सुरू झाली आणि तेव्हा मेसेज अपयशी होऊन `stock-dlq` मध्ये गेला, तर चार दिवसांच्या मुदतीतला फक्त एक दिवस उरलेला असतो. डेड लेटर क्यूची मुदत मुख्य रांगेपेक्षा लांब, शक्यतो पूर्ण १४ दिवस ठेवतात ती यासाठीच. शिवाय `ApproximateNumberOfMessagesVisible` हा आकडा तिथे शून्याच्या वर गेला की कुणाला तरी फोनवर सूचना जावी, अशी सोय लागते. आकृतीत या रांगेशेजारी जबाबदार गटाचे नाव लिहिणे उत्तम.

मेसेज मुख्य रांगेत परत सोडण्याची सोय एसक्यूएसच्या कन्सोलवर २०२१ पासून आहे, पण त्याआधी क्रम पाळावा लागतो. प्रथम एक मेसेज उघडून वाचायचा, लॉगमध्ये त्याच घटनेचा क्रमांक शोधून कारण ठरवायचे, कोड दुरुस्त करून नवी आवृत्ती चढवायची आणि मगच मेसेज सोडायचे. दुरुस्तीआधी सोडले तर प्रयत्न संपताच ते पुन्हा तिथेच येऊन बसतात. आणखी एक गोष्ट तपासायची असते, ती म्हणजे वेळ. तीन दिवस बाजूला पडलेली ऑर्डर ग्राहकाने मधल्या काळात रद्द केलेली असू शकते, आणि रद्द झाल्याचा मेसेज आधीच हाताळला गेलेला असतो. तेव्हा उशिरा आलेल्या मेसेजवर साठा वजा करण्याआधी साठा सर्व्हिसने त्या ऑर्डरची रद्द झाल्याची नोंद आपल्याकडे आहे का ते पाहायचे, आणि असली तर काहीही न करता मेसेज काढून टाकायला सांगायचे.