तीन गेम, तीन वेगवेगळे क्रॅश आणि एक रॅम

एकच गेम सारखा बंद पडत असेल तर आधी त्या गेमवर संशय घ्यावा. भाच्याच्या पीसीवर मात्र फुटबॉलचा गेम सामना रंगात असताना गायब व्हायचा, गाड्यांच्या शर्यतीचा गेम लोड होतानाच अडायचा आणि तिसरा खेळताना थेट निळा स्क्रीन यायचा. त्यावर कधी MEMORY_MANAGEMENT, तर कधी IRQL_NOT_LESS_OR_EQUAL. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलून झाला, विंडोज नव्याने टाकून झालं, फरक शून्य. आणखी एक खूण होती, तिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही: मोठी झिप फाइल उघडताना कधी ती खराब असल्याचा संदेश यायचा आणि तीच फाइल दुसऱ्या वेळी बिनबोभाट उघडायची.

अशी लहरी वागणूक रॅमच्या दोषाला शोभते. सोळा जीबी रॅममधली एखादी जागा बिघडली, तरी तिथे दर वेळी काय येऊन बसेल ते विंडोज ठरवतं. तिथे गवताच्या चित्राचा तुकडा आला, तर एखाद्या ठिपक्याचा रंग किंचित बदलतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. त्याच जागी 'पुढची माहिती कुठे ठेवली आहे' हा पत्ता आला आणि त्यातला एक बिट उलटला, तर प्रोग्राम भलत्याच ठिकाणी हात घालतो आणि विंडोज त्याला बंद करतं. मोठे गेम रॅमचा बराच भाग व्यापतात, म्हणून खराब जागा त्यांच्याच वाट्याला अधिक येते. ब्राउझर आणि वर्ड निवांत चालतात, म्हणून लोक रॅमला सोडून बाकी सगळ्यांना दोष देतात.

विंडोजची स्वतःची चाचणी mdsched.exe टाइप केल्यावर सुरू होते. ती सोपी आहे, पण तिचं 'सगळं ठीक' मी फारसं मनावर घेत नाही, बारीक दोष तिच्या नजरेतून निसटतात. मेमटेस्ट८६ अधिक कसून तपासतं. ते पेनड्राइव्हवर घालून पीसी त्यावरूनच सुरू करायचा. विंडोज चालू नसल्यामुळे जवळजवळ सगळी रॅम चाचणीच्या ताब्यात येते. मग ते ठरावीक आकडे लिहितं, परत वाचतं, जुळवून पाहतं. मोफत आवृत्तीत अशा चार फेऱ्या होतात आणि त्यांना काही तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपावं.

भाच्याच्या पीसीवर पहिल्याच फेरीत लाल ओळी आल्या. लिहिलं होतं FFFFFFFF, वाचलं गेलं FFFFFFBF. उजवीकडून सातवा बिट एक असायला हवा होता, तो शून्य झाला होता. इथे 'एकच तर चूक आहे' म्हणून सोडायचं नसतं, रॅमच्या चाचणीत चालण्यासारखा आकडा शून्यच.

पण एवढ्यावरून रॅम फेकायची नाही. बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल तर रॅम तिच्या मूळ मानक वेगापेक्षा जोरात धावत असते आणि कधी कधी तो वेगच झेपत नाही. म्हणून एक्सएमपी बंद करून चाचणी पुन्हा घेतली. चुका राहिल्याच. चुका थांबल्या असत्या, तर वेग थोडा उतरवून काम भागलं असतं.

आता दोन पट्ट्यांपैकी दोषी कोण? दोन्ही बसवलेल्या असताना माहिती आलटून पालटून दोघींत वाटली जाते, त्यामुळे स्क्रीनवरच्या पत्त्यावरून पट्टी ओळखणं अवघड. पीसी बंद करून वायर काढली, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली आणि एकच पट्टी ठेवली. तिच्या सगळ्या फेऱ्या स्वच्छ. त्याच स्लॉटमध्ये दुसरी बसवली, तर थोड्याच वेळात लाल ओळी, दर फेरीत त्याच पत्त्यावर. ती दुसऱ्या स्लॉटमध्ये नेली, तिथेही चुका तिच्यासोबत गेल्या. चुका स्लॉटला चिकटून राहिल्या असत्या, तर संशय मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर गेला असता.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. चाचणी स्वच्छ आली म्हणजे रॅम निर्दोषच, असं नाही. गेम चालताना ग्राफिक्स कार्ड तापतं, कॅबिनेटमधली हवा तापते आणि काही दोष त्या उष्णतेतच डोकं वर काढतात. शिवाय कारण प्रोसेसरही असू शकतो: २०२४ मध्ये इंटेलने आपल्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचं मान्य केलं होतं आणि तिथेही गेमच कोसळत होते.

वॉरंटीत पाठवताना जोडी म्हणून घेतलेल्या दोन्ही पट्ट्या बहुधा एकत्रच मागतात. लाल ओळींचा फोटो सोबत असला की दुकानदाराशी वाद कमी होतो. नवी जोडी आली की गेमआधी तिचीही तीच चाचणी घ्यावी. खराब रॅममधून गेलेल्या फाइली डिस्कवर बिघडलेल्या अवस्थेत साठलेल्या असू शकतात, म्हणून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा द्यावी आणि गेमच्या फाइलीही त्यांच्या लाँचरमधून पडताळून घ्याव्यात.

```
sfc /scannow
```