‘ओशन्स इलेव्हन’मधला एल्विस नेमका कोणता?

2002 सालच्या जूनमध्ये एल्विस प्रेस्लीला जाऊन पंचवीस वर्षं होत आली होती आणि त्याचं ‘अ लिटल लेस कॉन्व्हर्सेशन’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. मूळ गाणं 1968 चं. त्या वेळी अमेरिकेत ते पहिल्या पन्नासातही पोचलं नव्हतं. जंकी एक्सएल या नावानं ओळखल्या जाणाऱ्या टॉम होल्कनबोर्ग या डच संगीतकारानं त्याचं रीमिक्स केलं, नायकेनं ते फुटबॉल विश्वचषकाच्या जाहिरातीत वापरलं आणि जगभर तेच वाजू लागलं. आज हे गाणं म्हटलं की बहुतेकांच्या कानात रीमिक्सच सुरू होतं. म्हणूनच स्टीव्हन सोडरबर्गचा ‘ओशन्स इलेव्हन’ पाहणारे छातीठोकपणे सांगतात, की त्यात रीमिक्स आहे.

ते तसं नाही, आणि हे कळायला कान लावायचीसुद्धा गरज नाही. ‘ओशन्स इलेव्हन’ प्रदर्शित झाला डिसेंबर 2001 मध्ये, रीमिक्स बाजारात आलं ते त्यानंतरच्या वर्षी. चित्रपटातलं गाणं कोणतं हे शोधताना पहिलं काम हेच करावं: प्रत्येक आवृत्ती केव्हा निघाली आणि चित्रपट केव्हा आला, हे शेजारी शेजारी मांडावं. अर्धे वाद इथेच मिटतात.

मग चित्रपटात मूळ गाणंच असणार, असं वाटतं. पण मूळ गाणं आणून चित्रपटातल्या गाण्याशी ताडून पाहिलं तर ते जुळत नाही. मूळ जरा सभ्य आहे, त्या काळच्या चित्रपटगीताच्या मापात बसवलेलं, सव्वादोन मिनिटांच्या आसपास संपणारं. चित्रपटात ऐकू येतो तो एल्विस जास्त खरखरीत आणि मोकळा आहे, वाद्यंही अधिक अंगावर येणारी. हा आवाज जुळतो तो रीमिक्समधल्या आवाजाशी! ज्यांचे कान चांगले आहेत तेच लोक या ठिकाणी फसतात. आवाज रीमिक्सचा आहे हे त्यांनी बरोबर ओळखलेलं असतं, त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकतो.

याचं कारण असं, की ध्वनिमुद्रणं दोन नाहीत, तीन आहेत. पहिलं मार्च 1968 मधलं, ‘लिव्ह अ लिटल, लव्ह अ लिटल’ या एल्विसच्याच चित्रपटासाठी केलेलं. बाजारात आलेली तबकडी याचीच. त्याच वर्षी जूनमध्ये एल्विसच्या पुनरागमनाचा म्हणून गाजलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम घडत होता. त्यासाठी त्यानं हे गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, पण कार्यक्रमात ते घेतलं गेलं नाही. ते तसंच पडून राहिलं आणि 1998 मध्ये त्या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह निघाला तेव्हा बाहेर आलं. ‘ओशन्स इलेव्हन’मध्ये वाजतं ते हे जूनचं ध्वनिमुद्रण. चित्रपटाचं संगीत करणारा डेव्हिड होम्स हा बेलफास्टचा डीजे. असल्या अडगळीतल्या तबकड्या हुडकणं हा या मंडळींचा धंदाच. आणि पुढच्या वर्षी होल्कनबोर्गनं रीमिक्ससाठी पाया म्हणून घेतलं तेही जूनचंच. म्हणजे रीमिक्सचा खरा बाप सगळ्यांना ठाऊक असलेली तबकडी नव्हतीच.

आता कानाने हे ओळखायचं कसं? गायकाच्या आवाजावर भिस्त ठेवू नये. रीमिक्स करणारे बहुधा जुना आवाजच उचलतात. ‘मोहरा’तलं ‘टिप टिप बरसा पानी’ 2021 च्या ‘सूर्यवंशी’त आलं तेव्हाही उदित नारायण आणि अलका याज्ञिक यांचेच आवाज होते, बदलला तो त्यांच्या भोवतीचा वाद्यमेळ. तेव्हा ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या फटीत ऐकायचं. गायक श्वास घेतो तिथे खाली काय चाललंय? जूनच्या ध्वनिमुद्रणात तिथे माणसांनी वाजवलेला ताल आहे, किंचित पुढेमागे होणारा. रीमिक्समध्ये जाडजूड ठेका यंत्रासारखा एकसारखा चालतो, एल्विसचे शब्द मधूनमधून कापून पुन्हा चिकटवलेले आहेत, आणि गाणं साडेतीन मिनिटांपर्यंत लांबवलेलं आहे.

लांबीवर मात्र फार विसंबू नये. संकलक दृश्याच्या गरजेप्रमाणे कडवं उडवतो, सुरुवात कापतो. हिंदी चित्रपटांच्या श्रोत्यांना हे नवं नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटंच मावत, म्हणून पडद्यावरचं आखं कडवं तबकडीवर नसे.

गती मोजायचीही एक पद्धत आहे: अर्ध्या मिनिटातले ठोके मोजायचे आणि दुप्पट करायची. पण त्याआधी हातातली प्रत कोणती ते पाहावं. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींवर चित्रित होतो. युरोपात आणि आपल्याकडे चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो सहसा 25 वर पळवला जाई. त्यामुळे सगळं चार टक्क्यांनी जलद होतं, मिनिटाला 120 ठोक्यांचं गाणं 125 चं होतं आणि सूरही अर्ध्या सुराहून थोडा कमी चढतो. रीमिक्स बहुधा मुळापेक्षा जलद असतं, म्हणून अशी प्रत ऐकणाऱ्याला मूळ गाणंच रीमिक्स वाटू शकतं.

मोबाइलवर गाणं ओळखणारं शझामसारखं अॅप लावलं की झालं, असं कुणी म्हणेल. ते अॅप ध्वनीतली ठळक टोकं आणि त्यांच्यातलं अंतर टिपून आपल्या साठ्याशी जुळवतं. दोन आवृत्त्यांत आवाजाचा तोच तुकडा त्याच गतीने असला, तर ते दोहोंपैकी कोणतीही सांगू शकतं. वर दृश्यात संवाद असतात, जुगाराच्या यंत्रांचा खणखणाट असतो. त्याचं उत्तर सुगावा म्हणून घ्यावं, निकाल म्हणून नको.

शेवटी कागद. अखेरच्या श्रेयनामावलीत गाण्याचं नाव, गीतकार-संगीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रणाची मालक कंपनी दिलेली असते. रीमिक्स वापरलं असेल तर रीमिक्स करणाऱ्याचं नाव तिथे सहसा येतंच. स्वामित्वधन वाटणाऱ्या संस्थांकडे जाणारी क्यू शीट, म्हणजे कोणतं संगीत किती सेकंद वाजलं याची यादी, ऐकायला जास्त अधिकृत वाटते. पण या प्रश्नाला ती पुष्कळदा उपयोगाची नसते. ती यादी रचनेच्या मालकांसाठी असते. मॅक डेव्हिस आणि बिली स्ट्रेंज यांनी रचलेलं गाणं मार्चचं असो, जूनचं असो की 2002 चं, रचनाकार तेच राहतात. कोणतं ध्वनिमुद्रण वापरलं हे ठरतं ते दुसऱ्या परवान्यावर, जो तबकडीच्या कंपनीकडून घ्यावा लागतो, आणि तो करार सामान्य प्रेक्षकाच्या हाती पडत नाही. त्यातल्या त्यात चित्रपटाच्या नावाने निघालेला गाण्यांचा अल्बम बरा. ‘ओशन्स इलेव्हन’च्या अल्बमवर जूनचं ध्वनिमुद्रणच आहे.

एवढं सगळं करूनही दोन माणसांची उत्तरं वेगळी येऊ शकतात आणि दोघेही खरे असू शकतात. 2003 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘लास वेगास’ या मालिकेच्या शीर्षकाला हेच गाणं होतं, रीमिक्सच्या रूपात. परदेशांतल्या प्रक्षेपणात आणि डीव्हीडीवर मात्र त्या जागी वेगळीच धून टाकलेली होती, कारण गाण्याचे हक्क प्रदेशानुसार आणि माध्यमानुसार वेगवेगळे विकले जातात. म्हणून एखाद्या दृश्यात कोणती आवृत्ती आहे हे कुणाला ठामपणे सांगायचं असेल, तर आपण पाहिलेली प्रत कोणती होती, थिएटरमधली, डीव्हीडीवरची की ओटीटीवरची, हे आधी सांगावं.