जुन्या ग्राहकाला नव्या बाटलीची बातमी

समजा, पुण्यातली एक छोटी कंपनी काही वर्षं स्टीलचे जेवणाचे डबे विकते आहे. आता ती पाण्याची बाटली आणते आहे आणि डबे घेतलेल्या ग्राहकांना संस्थापिका स्वतः ईमेल लिहायला बसली आहे. पहिला खर्डा बहुतेक वेळा असाच उतरतो: ‘कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, आमची क्रांतिकारी, पर्यावरणपूरक बाटली आता आपल्या सेवेत!’ एवढं वाचूनही बाटलीत पाणी किती मावतं, याचा पत्ता लागत नाही.

जुन्या ग्राहकाला कंपनीची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याच्या घरात तुमचा डबा आहे, तेव्हा पत्र तिथूनच सुरू व्हावं. ‘डब्याच्या पिशवीत बसणारी ७५० मिलीची बाटली’ ही सब्जेक्ट लाइन पुरेशी बोलकी आहे. मोबाइलवर लांब ओळीची शेपूट कापली जाते, म्हणून कामाचे शब्द आधी आले पाहिजेत. पाठवणाऱ्याच्या जागी संस्थापिकेचं आणि कंपनीचं नाव हवं. ग्राहकाने उत्तर पाठवलं, तर ते कुणीतरी वाचत असलेल्या पत्त्यावर जायला हवं.

खरी गोची दाव्यांपाशी होते.

‘२४ तास थंड’ असं नुसतं लिहिलं, की ग्राहक मे महिन्यातल्या गाडीत बाटली ठेवतो, दर तासाला झाकण उघडतो आणि संध्याकाळी वैतागतो. दुहेरी भिंतींमधल्या निर्वात पोकळीमुळे उष्णता आत यायला वेळ लागतो, पण झाकणातून ती शिरतेच. म्हणून चाचणी कशी घेतली ते सांगावं: भरताना पाणी किती थंड होतं, खोलीचं तापमान किती होतं, झाकण किती वेळा उघडलं. ‘ही बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नका’ हेही पत्रातच असावं. गोठताना पाणी फुगतं आणि बाटलीचा आकार बिघडतो.

‘पर्यावरणपूरक’ या शब्दाला तर आता कायद्याची चौकट आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. असा मोघम शब्द वापरायचा, तर सोबत खुलासा आणि पुरावा लागतो. त्यापेक्षा ‘झाकणाची रबरी रिंग वेगळी मिळते, त्यामुळे ती झिजली म्हणून अख्खी बाटली टाकावी लागत नाही’ हे वाक्य ग्राहकाला ताडून पाहता येतं.

मग सर्व करांसह किंमत, घरपोच कधी मिळेल, आणि खरेदीचं एकच बटण. डब्याचं झाकण, नवी पिशवी, दिवाळीची सवलत यांची भर त्याच पत्रात घातली, तर बाटली बाजूला पडते.

ईमेल किती जणांनी उघडला, या आकड्यावर फार विसंबू नये. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमधल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेला ईमेलही उघडल्यासारखा मोजला जाऊ शकतो. बटण किती जणांनी दाबलं, बाटल्या किती गेल्या, यादीतून किती जण बाहेर पडले आणि उलट उत्तरी काय विचारलं, हे पाहावं. ‘गाडीच्या कप-होल्डरमध्ये बसते का?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं, तर बाटलीच्या बुडाचा व्यास लिहायचा राहून गेला आहे.