चार ब्रास म्हणजे किती टन?

गेल्या जुलैत भावाच्या घराच्या प्लास्टरसाठी चार ब्रास धुतलेली क्रश सँड मागवली होती. सकाळी दहा टायरचा डंपर दारात आला. फाळक्याच्या फटीतून पाण्याची धार लागलेली. भाऊ हिशेबी माणूस, टेप घेऊनच हौद्यावर चढला. लांबी १४ फूट, रुंदी साडेसात, वाळूची उंची ३.८. गुणाकार केला तर ३९९ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे चार ब्रासला एक घनफूट कमी. ड्रायव्हर म्हणाला, "बघा दादा, शीगही नाही आणि खड्डाही नाही."

माप चोख होतं. पण त्याच्या हातातली काट्याची पावती वेगळंच सांगत होती. भरलेली गाडी ३२,६६० किलो, रिकामी ११,२००, नेट २१,४६०. आणि गाडीच्या आरसीवर लिहिलेलं एकूण वजन होतं २८,००० किलो. म्हणजे आमच्या दारात उभी असलेली गाडी साडेचार टनांहून जास्त ओव्हरलोड होती, आणि तीही आम्ही मागितलं तेवढंच आणून.

आपल्याकडे वाळू-खडी मागवायची ब्रासवर आणि रस्त्यावर गाडी अडवली जाते टनांवर. या दोन मापांना जोडणारा दुवा म्हणजे एक घनमीटर मालाचं, त्यातल्या मोकळ्या जागेसकट भरणारं वजन. इंजिनिअर त्याला बल्क डेन्सिटी म्हणतात. 'मोकळ्या जागेसकट' हा शब्द इथे महत्त्वाचा. आपल्या काळ्या दगडाचा घन ठोकळा घनमीटरला पावणेतीन टनांच्या वर भरतो, पण त्याचीच पाऊण इंची खडी केली की घनमीटरला साधारण दीडच टन भरतो. बाकीची हवा असते. कोरडी वाळू थोडी जास्त, साधारण १.६ टन.

हिशेब दोन गुणाकारांचा आहे. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, म्हणून चार ब्रास झाले ११.३३ घनमीटर. त्याला १.६ ने गुणलं की कोरडी वाळू भरते १८.१ टन. आता गाडीकडे बघा. एकूण २८ टनांतून गाडीचं रिकामं वजन ११.२ टन वजा केलं की मालाला उरतात १६.८ टन. म्हणजे वाळू अगदी कोरडी असती तरी चार ब्रास या गाडीत कायद्याने बसतच नव्हती. रिकामं वजन मात्र काट्यावरचं घ्यावं. हौदा, फाळका, डिझेल, स्टेपनी धरून ते आरसीवरच्या आकड्यापेक्षा बरेचदा जास्त भरतं.

कोरड्या वाळूच्या १८.१ टनांपासून पावतीवरच्या २१.४६ टनांपर्यंत आकडा गेला तो पाण्यामुळे. धुऊन लगेच भरलेल्या वाळूत कणांमधल्या फटी पाण्याने जवळजवळ भरलेल्या असतात. वाळू तेवढीच, माप तेवढंच, पण हवेच्या जागी पाणी. घनमीटर १.९ टनांवर जातं. फाळक्यातून गळणारी धार हीच त्याची खूण.

यावरून वाटेल की ओली वाळू नेहमीच जड. इथे वाळू एक गंमत करते. पाणी थोडंच असलं, वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास, तर प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि कण एकमेकांना दूर ढकलतात. वाळू फुगते. बारीक वाळू सहज पाव हिश्शाने फुगते. मग एका घनमीटरात कोरडी वाळू १,६०० नव्हे, १,२८० किलोच मावते. त्यात ६४ किलो पाणी धरलं तरी एकूण १,३४४ किलो. तेच चार ब्रास आता १५.२ टन भरतात. गाडी काट्यावरून सुखरूप सुटते, पण गिऱ्हाइकाच्या पदरात साडेतीन टन वाळू कमी पडते आणि टेप लावून ते कधीच कळत नाही.

म्हणजे एकाच डंपरमधले चार ब्रास १५ टन भरतील, १८ भरतील किंवा साडेएकवीस. खडीच्या बाबतीत हा खेळ नाही. तिचे तुकडे एवढे मोठे की पाणी खाली निथळून जातं, फुगायचा प्रश्नच येत नाही. खडीचे चार ब्रास बारमाही सतरा टनांच्या आसपास राहतात. या गाडीला तेही जरासे जास्तच.

कोणत्या ढिगाला कोणता आकडा लावायचा, हे जागेवर कळतं. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली आणि भंगारवाल्याकडे असतो तसा वजनकाटा पुरे. आधी बादली काठोकाठ पाण्याने भरून पाण्याचं वजन घ्यायचं. जितके किलो, तितके लिटर. आमच्या बादलीत २१.४ लिटर मावलं. मग बादली पुसून त्याच ढिगातली वाळू फावड्याने अलगद सोडायची, काठापासून दोन बोटांपेक्षा जास्त उंचावरून नाही. आपटायची नाही, दाबायची नाही. पट्टीने वरची शीग काढायची आणि वजन करायचं. बादलीचं वजन वजा करून ३४.२ किलो आले, तर ३४.२ भागिले २१.४, म्हणजे १.६. लोडर मात्र वाळू उंचावरून टाकतो, ती थोडी दाबून बसते. म्हणून या आकड्यावर पाच ते दहा टक्के वाढवून धरलेलं बरं.

वाळू फुगलेली आहे का, हे पाहायला काचेची सरळ बरणी लागते. दमट वाळू सैल भरून उंची मोजायची, समजा २० सेंटीमीटर. ती काढून, बरणीत निम्मं पाणी घेऊन तीच वाळू परत सोडायची आणि सळईने ढवळायची. पाण्याखाली पापुद्रे मोडतात आणि वाळू मूळ मापाला येते. १६ सेंटीमीटरवर बसली, तर फुगवटा चार भागिले सोळा, पाव हिस्सा.

ड्रायव्हर मंडळींचं एक ठरलेलं वाक्य असतं, "रस्त्यात बसली, साहेब." ते बहुधा खरं असतं. गचक्यांनी माल दाबला जातो, उंची चार-सहा इंच उतरते. वजन मात्र तेवढंच राहतं, म्हणून वाद उंचीवर घालण्यापेक्षा पावतीवर घालावा.

ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत आणि उतरवण्याचा खर्चही गाडीच्याच माथी. २०१८ साली केंद्राने ट्रकच्या अ‍ॅक्सलची वजनमर्यादा वाढवली, त्याचा दाखला देऊन 'आता सगळं चालतं' असं सांगणारे भेटतात. तुमच्या दारात येणाऱ्या गाडीला लागू असतो तो तिच्या स्वतःच्या आरसीवरचा आकडा.

१६.८ टनांना १.९ ने भागलं की ८.८ घनमीटर येतात, म्हणजे तीन ब्रासच्या जरा वर. भावाने दुसरी खेप तीन ब्रासची सांगितली. डंपरवाला कुरकुरला, भाड्याचे पैसे वाढवून घेतले आणि आला. फाळका तसाच गळत होता. पावतीवर नेट होतं १६,०९०.